आरएसआय(२) चा आकडा जुळत नाही, सिग्नल एक-दोन दिवस मागेपुढे येतो: दोष कुठे शोधायचा

निफ्टीवर दोन दिवसांचा आरएसआय वापरणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. चार्टवर आकडा ११ दिसतो, एक्सेलमध्ये ० येतो आणि पायथॉनमध्ये २ येतो. निर्देशांक तोच, बंद भाव तेच, तरी एकाच्या हिशोबाने खरेदी सोमवारी होते, दुसऱ्याच्या बुधवारी आणि तिसऱ्याच्या गुरुवारी. मग डेटा बदलून पाहिला जातो, अॅप बदललं जातं, आणि महिन्याभराने तीच तक्रार परत येते.

आधी नियम सांगतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतो आहोत हे पक्कं होईल. निर्देशांकाचा बंद भाव २०० दिवसांच्या साध्या सरासरीच्या वर हवा. त्या स्थितीत दोन दिवसांचा आरएसआय १० च्या खाली बंद झाला की खरेदी करायची. बंद भाव ५ दिवसांच्या साध्या सरासरीच्या वर गेला की विक्री करायची. अमेरिकी निर्देशांकांवर ही पद्धत लॅरी कॉनर्स यांनी लोकप्रिय केली. तिच्यामागची कल्पना साधी आहे: मोठी चाल वरची असताना दोन-चार दिवसांची घसरण बहुतेक वेळा भरून निघते, आणि ती भरून निघेपर्यंतच सौदा ठेवायचा. २०० दिवसांची अट काढली तर उरतं ते फक्त पडत्या बाजारात खरेदी करणं.

### पहिला संशय सरासरीच्या रीतीवर घ्या

वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये आरएसआय मांडला तो १४ दिवसांचा. त्यात रोजची वाढ आणि रोजची घट यांच्या वेगवेगळ्या सरासऱ्या धरतात. वाइल्डर यांच्या रीतीत कालची सरासरी पूर्ण फेकून देत नाहीत, तिच्यात आजचा आकडा मिसळतात. १४ दिवसांच्या आरएसआयमध्ये आजच्या दिवसाला चौदावा हिस्सा मिळतो. दोन दिवसांच्या आरएसआयमध्ये आजला निम्मा हिस्सा मिळतो आणि उरलेला निम्मा कालपर्यंतच्या सगळ्या इतिहासाचा असतो.

हेच काम आणखी दोन रीतींनी केलेलं सापडतं. एकीत शेवटच्या दोन दिवसांची साधी सरासरी घेतात. दुसरीत नेहमीची एक्स्पोनेन्शियल सरासरी `span=2` देऊन काढतात, तेव्हा आजला दोन-तृतीयांश हिस्सा मिळतो. १४ दिवसांवर या फरकाने सहसा मोठा गोंधळ होत नाही. २ दिवसांवर मात्र हा फरकच सगळं ठरवतो.

२०२४ च्या लोकसभा निकालांच्या आसपासचे दिवस घेऊ. निफ्टी तेव्हा २०० दिवसांच्या सरासरीच्या बराच वर होता, म्हणजे पहिली अट सहज पूर्ण होत होती. आरएसआयचे आकडे जवळच्या पूर्णांकात दिले आहेत.

| तारीख | निफ्टी बंद | वाइल्डर | `span=2` | साधी सरासरी |
|---|---|---|---|---|
| २७ मे | २२,९३२.४५ | ७८ | ६१ | ० |
| २८ मे | २२,८८८.१५ | ४७ | २२ | ० |
| २९ मे | २२,७०४.७० | ११ | २ | ० |
| ३० मे | २२,४८८.६५ | ४ | १ | ० |
| ३१ मे | २२,५३०.७० | २३ | ३१ | १६ |
| ३ जून | २३,२६३.९० | ९० | ९६ | १०० |
| ४ जून | २१,८८४.५० | २१ | १५ | ३५ |

साध्या सरासरीचा रकाना नीट पाहा. २४ मे रोजी निफ्टी साडेदहा अंकांनी पडला होता आणि २७ मे रोजी २५ अंकांनी. बावीस-तेवीस हजारांच्या निर्देशांकात ही हालचाल नगण्यच, पण लागोपाठ दोन दिवस लाल, म्हणून आरएसआय थेट शून्य. या रीतीत दोन दिवसांची कुठलीही घट शून्यच दाखवते, मग ती ३५ अंकांची असो की ४०० ची. म्हणजे आकडा घसरणीची खोली मोजतच नाही, फक्त लाल दिवस मोजतो. २३ मे रोजीची ३७० अंकांची मोठी तेजी त्याच्या लेखी तिसऱ्याच दिवशी पुसली गेली.

ही चूक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. २७ मे रोजी ५ दिवसांची सरासरी सुमारे २२,७९७ होती आणि बंद भाव तिच्या १३५ अंकांनी वर होता. म्हणजे खरेदीची अट आणि विक्रीची अट एकाच दिवशी खरी ठरत होती. तुमच्या शीटमध्ये असे दिवस अधूनमधून सापडत असतील, तर पुढे काही तपासण्याआधी सरासरीची रीत बघा. दोष जवळजवळ नेहमी तिथेच असतो.

आता प्रवेशाच्या भावातला फरक बघा. १० च्या पातळीने साध्या सरासरीची खरेदी २७ मे रोजी २२,९३२ ला, `span=2` ची २९ मे रोजी २२,७०४ ला आणि वाइल्डर रीतीची ३० मे रोजी २२,४८८ ला. टोकाच्या दोन खरेद्यांमध्ये ४४४ अंकांचं अंतर आहे. यातली वाइल्डर रीतीची खरेदी ३ जूनला ५ दिवसांच्या सरासरीच्या वर बंद मिळून ७७५ अंकांच्या नफ्यात सुटली. पण त्या नफ्यावरून रीतीचा न्याय करू नका. १ जूनच्या संध्याकाळी एक्झिट पोल आले आणि सोमवारी बाजार उसळला, हा त्या एका सौद्याचा योग होता. मुद्दा एवढाच की पद्धतीची मागची आकडेवारी तुम्ही ज्या रीतीने तपासली असेल, रोजचा सिग्नलही त्याच रीतीचा हवा. तपासणी एका सूत्रावर आणि सौदे दुसऱ्या सूत्रावर, असं झालं तर तुम्ही न तपासलेली पद्धत चालवत असता.

### दुरुस्ती

एक्सेलमध्ये B रकान्यात बंद भाव, C मध्ये वाढ, D मध्ये घट, E आणि F मध्ये त्यांच्या सरासऱ्या आणि G मध्ये आरएसआय ठेवा. तिसऱ्या ओळीतली सूत्रं अशी:

```
C3: =MAX(B3-B2,0)
D3: =MAX(B2-B3,0)
E3: =(E2+C3)/2
F3: =(F2+D3)/2
G3: =100*E3/(E3+F3)
```

E2 आणि F2 मध्ये सुरुवातीला शून्य टाकलं तरी चालतं. जुन्या आकड्याचा हिस्सा रोज निम्मा होत जातो, त्यामुळे दहा सत्रांनंतर तो हजाराव्या भागापेक्षाही कमी उरतो. पहिल्या दहा ओळींचा आरएसआय मात्र वापरू नका. २०० दिवसांच्या सरासरीसाठी तसाही त्याहून खूप मागचा डेटा लागतोच.

पायथॉनमध्ये `ewm(span=2)` लिहिलं असेल तर ते `ewm(alpha=1/2, adjust=False)` करा. `span=3` आणि `com=1` यांनीही हाच निम्मा हिस्सा मिळतो. `rolling(2).mean()` दिसलं, तर तीच वरची साधी सरासरी.

दुरुस्ती झाली की पडताळणी करा. २३ मे २०२४ च्या बंदनंतर E सुमारे २१३ आणि F जवळजवळ शून्य आला पाहिजे. तिथून २९ मेला साधारण ११.१ आणि ३० मेला ४.० मिळाले, तर शीट बरोबर आहे. फरक पडला तर तारखा मोजा. १८ मे २०२४ हा शनिवार होता आणि त्या दिवशी विशेष सत्र झालं होतं. १ फेब्रुवारी २०२० हा बजेटचा शनिवारही तसाच. दिवाळीच्या मुहूर्त सत्राचीही स्वतंत्र कँडल असते. काही डेटा विक्रेते या ओळी गाळतात. १४ दिवसांच्या आरएसआयमध्ये एक ओळ गळाली तर सहज लक्षात येत नाही, पण दोन दिवसांच्या आरएसआयमध्ये पुढचे तीन-चार दिवस आकडे चुकलेले राहतात.

### "निफ्टी सहा टक्के पडला आणि सिग्नल आलाच नाही"

तक्त्याची शेवटची ओळ पुन्हा पाहा. ४ जूनला निफ्टी १,३७९ अंकांनी पडला, जवळपास ६ टक्के. वाइल्डर आरएसआय तरी २१ वरच थांबला. त्यानंतर कितीतरी जणांनी सेटिंग बदललं, पातळी १० वरून २५ केली, कारण सूत्र बिघडलंय असं त्यांना वाटलं. सूत्र बिघडलेलं नव्हतं. आदल्याच दिवशी ७३३ अंकांची उसळी झाली होती आणि तिचा निम्मा जोर ४ जूनच्या हिशोबात शिल्लक होता. आरएसआय घट मोजतो ती त्याच काळातल्या वाढीच्या तुलनेत. मोठ्या उसळीनंतरचा एकच मोठा लाल दिवस त्याला अतिविक्री वाटत नाही.

हे डोळ्यांनी ताडण्यापेक्षा थेट काढता येतं, आणि माझ्या मते या पद्धतीत रोज करण्यासारखं सगळ्यात उपयोगी गणित हेच आहे. आजच्या बंदनंतरची सरासरी वाढ E आणि सरासरी घट F तुमच्याकडे आहेत. उद्या बाजार x अंकांनी पडला तर नवा आरएसआय होतो `100*E/(E+F+x)`. हा १० किंवा त्याखाली यायचा असेल तर:

```
x >= 9*E - F
```

पातळी ५ ठेवत असाल तर ९ च्या जागी १९ घ्या. उत्तर ऋण आलं, तर आरएसआय आधीच पातळीच्या खाली आहे आणि थोड्या घटीतही तिथेच राहील.

३ जूनच्या संध्याकाळी E ३७८.८ होता आणि F ४०.३. म्हणजे ४ जूनला सिग्नल येण्यासाठी ३,३६९ अंकांची घट लागली असती, साडेचौदा टक्के. त्याच्या आधीच, १० टक्क्यांवर, सर्किट लागून सगळा बाजार थांबला असता. ३ जूनला हे गणित ज्याने केलं, त्याला निकालाच्या दिवशी या पद्धतीने खरेदी होणार नाही हे आदल्या रात्रीच कळलं होतं. पडद्यावर लाल आकडे पळत असताना सेटिंगशी खेळण्याची गरजच उरली नाही.

### तीन पंचवीसला सिग्नल होता, संध्याकाळी गायब

ही दुसरी नेहमीची तक्रार, आणि तिचं कारण सूत्रात नाही, बंद भावात आहे. निफ्टीचा अधिकृत बंद म्हणजे साडेतीनचा शेवटचा टिक नव्हे, असं अनेक वर्षं चालत आलं आहे. एनएसईच्या त्या पद्धतीत प्रत्येक शेअरचा बंद भाव शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांच्या भारित सरासरीने ठरतो आणि निर्देशांकाचा बंद त्या भावांवरून निघतो. शेवटच्या दहा मिनिटांत बाजार जोरात पडला, तर पडद्यावरचा निफ्टी अधिकृत बंदपेक्षा खाली दिसतो. त्या क्षणी आरएसआय ९ असतो आणि संध्याकाळी १२ होतो.

पातळीजवळच्या दिवशी याचा काय परिणाम होतो ते २९ मेवर दिसतं. २८ मेच्या संध्याकाळी E २६.७ आणि F २९.७, म्हणून लागणारी घट साधारण २११ अंक, म्हणजे २२,६७७ च्या आसपासचा बंद. प्रत्यक्ष बंद २२,७०४.७० झाला, २७ अंक वर. एवढा फरक शेवटच्या टिकमध्ये आणि अधिकृत बंदमध्ये सहज पडू शकतो.

उपाय म्हणून मी सांगतो तो असा. आदल्या संध्याकाळी वरच्या सूत्राने सिग्नलचा भाव काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी सव्वातीननंतर निफ्टी त्या भावाच्या बराच खाली असेल तर सौदा करा. तो त्या भावाच्या तीस-चाळीस अंकांच्या आत घुटमळत असेल तर थांबा, अधिकृत बंद पाहा आणि सिग्नल खरा ठरला तर दुसऱ्या सकाळी घ्या. सकाळच्या भावात कधी फायदा होतो, कधी तोटा. पण मागची तपासणी करतानाही असे दिवस दुसऱ्या दिवसाच्या सुरुवातीच्या भावाने धरले असतील, तर तुमचे आकडे स्वतःशी प्रामाणिक राहतात. आणि आरएसआय निफ्टी स्पॉटचाच काढा. फ्युचर्सच्या जोडलेल्या चार्टवर एक्स्पायरीच्या दिवशी भाव एका महिन्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो, आणि ती उडी दोन दिवसांच्या आरएसआयला खरी तेजी वाटते.

### सगळं बरोबर आहे, तरी तोटा झाला

वरचं सगळं दुरुस्त केल्यावर जी तक्रार उरते, ती दोषाची नाही. २०२० चा फेब्रुवारी घ्या. १८ तारखेला वाइल्डर आरएसआय ८ च्या आसपास आला, बंद ११,९९२.५०. दुसऱ्याच दिवशी निफ्टी १२,१२५.९० वर, ५ दिवसांच्या सरासरीच्या वर बंद झाला आणि सौदा १३३ अंकांनी सुटला. पुस्तकी उदाहरण म्हणावं असा.

मग २४ तारखेला २५१ अंकांची घट झाली, सिग्नल थोडक्यात हुकला. २५ ला बंद ११,७९७.९०, आरएसआय ९. २०० दिवसांची सरासरी शंभर-एक अंक खाली होती, म्हणजे अट पूर्ण आणि खरेदी नियमाप्रमाणेच. २६ ला ११,६७८.५०, आरएसआय ४. २७ ला ११,६३३.३०, आरएसआय ३. २८ ला एका दिवसात ४३१ अंक गेले आणि आरएसआय अर्ध्यावर आला. इथे एक गोष्ट पक्की लक्षात घ्या: ४ पेक्षा ३ आणि ३ पेक्षा अर्धा हा काही जास्त चांगला सिग्नल नसतो. आकडा शून्याला टेकला की त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. बाजार आणखी हजार अंक पडला तरी तो शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. त्यामुळे प्रत्येक घटीला आणखी लॉट जोडत जाणारा माणूस या आकड्याच्या आधारावर जोडत नसतो.

विक्रीची अट ५ मार्चला पूर्ण झाली. त्या दिवशी ५ दिवसांची सरासरी ११,२३१.५६ वर उतरली होती आणि बंद ११,२६९ होता. म्हणजे बाजार सावरला नाही, सरासरीच खाली येऊन त्याला भेटली. तोटा ५२९ अंकांचा, साडेचार टक्के. त्यानंतर निर्देशांक २०० दिवसांच्या सरासरीच्या खाली होता, म्हणून १२ मार्चच्या पडझडीत किंवा २३ मार्चच्या ७,६१०.२५ च्या बंदपर्यंत या पद्धतीने एकही नवी खरेदी झाली नाही. २०० दिवसांची अट नेमकी एवढंच करते. ती पुढच्या खरेद्या अडवते, उघडा सौदा वाचवत नाही.

इथे बहुतेक जण स्टॉपलॉस लावायचं ठरवतात. दोन टक्क्यांचा स्टॉप या सौद्यात वाचवून गेला असता हे खरं. पण ही पद्धत मुळात घसरणीत शिरते, त्यामुळे जवळचा स्टॉप अशा सौद्यांनाही उडवतो जे आणखी एक-दोन दिवस पडून मग सावरतात, आणि पद्धतीचा नफा त्यांच्यातच असतो. स्टॉप लावायचा असेल तर तो स्टॉपसकट पुन्हा तपासा आणि तपासणीच्या काळात २०२० चा फेब्रुवारी असू द्या. माझा कल जोखीम आकाराने बांधण्याकडे आहे. त्या वेळी निफ्टीचा लॉट ७५ चा होता. ५२९ अंकांचा तोटा म्हणजे एका लॉटला सुमारे ३९,६७० रुपये. आणि वाटेत, २ मार्चच्या ११,१३२.७५ च्या बंदला, तो उघडा तोटा जवळपास ४९,९०० रुपयांवर होता. किती लॉट घ्यायचे हे ठरवताना हा दुसरा आकडा धरा, पहिला नव्हे, कारण सौदा चुकीच्या वेळी सोडून द्यायची वेळ २ मार्चलाच आली असती.